सॉल्व्ह एरर ०.४ आहे, तरी खेकडा फरशीवर घसरतोय

प्रश्न: दादा, गच्चीवर मोबाईलने ८ सेकंदांचा शॉट घेतलाय, फोन हातात धरून चालत चालत. ब्लेंडरमध्ये ट्रॅक केला, सॉल्व्ह एरर ०.४ आला. मागच्या बिल्डिंगांवर क्यूब ठेवून बघितला तर एकदम चिकटून बसतो, पण माझा थ्रीडी खेकडा फरशीवर चालताना सरकत राहतो. एरर एवढा कमी असून असं का होतंय?

उत्तर:

क्यूब बिल्डिंगवर बसतो आणि खेकडा फरशीवर बसत नाही हे तू सांगितलंस ते फार बरं केलंस, कारण अर्धं निदान तिथेच झालं. पण आधी त्या ०.४ बद्दल बोलू, त्या आकड्यावर लोक नको तेवढा विश्वास ठेवतात.

सॉल्व्हर काय करतो, तू दिलेल्या ट्रॅक्सवरून कॅमेरा कुठून कुठे गेला असेल याचा अंदाज बांधतो, प्रत्येक ट्रॅकचा थ्रीडीमधला बिंदू काढतो, मग तो बिंदू परत त्या कॅमेऱ्यातून बघून मूळ मार्करपासून किती पिक्सेल लांब पडला ते मोजतो. त्याची सरासरी म्हणजे सॉल्व्ह एरर. म्हणजे स्वतः लिहिलेला पेपर स्वतःच तपासल्यासारखं आहे हे. तू जिथे ट्रॅक दिलेच नाहीस तिथे काय चाललंय याचा त्या आकड्यात पत्ताच नसतो. आणि बरेच जण अजून एक उद्योग करतात, सॉल्व्ह केल्यावर जास्त एररवाले ट्रॅक शोधायचे आणि डिलीट करायचे, आकडा खाली आला की खूश. आता बघ, जास्त एरर कुणाचा असतो? जवळच्या वस्तूंचा, कारण त्या फ्रेममध्ये जास्त पळतात, त्यांचा आकार बदलतो. म्हणजे डिलीट करता करता नेमके फरशीवरचे ट्रॅक उडतात आणि लांबच्या बिल्डिंगांचे राहतात. आकडा सुंदर, कॅमेरा चुकीचा.

लांबचे ट्रॅक का पुरत नाहीत ते एकदा आकड्यात बघ म्हणजे डोक्यात पक्कं बसेल. समज बिल्डिंग १०० मीटरवर आहे आणि सॉल्व्हरने कॅमेऱ्याची जागा १० सेंटीमीटरने चुकवली, बाजूला. १९२० पिक्सेल रुंद फ्रेम आणि साधारण २९ एमएमची लेन्स धरली तर त्या चुकीमुळे बिल्डिंग फ्रेममध्ये दीडेक पिक्सेल हलेल, आणि तेवढं तर सॉल्व्हर कॅमेरा केसभर फिरवून भरून काढतो, एररमध्ये दिसतसुद्धा नाही. पण तीच १० सेंटीमीटरची चूक कॅमेऱ्यापासून २ मीटरवरच्या फरशीसाठी पंच्याहत्तरेक पिक्सेल होते. म्हणजे बिल्डिंगा सॉल्व्हरला कॅमेरा कुठे बघतोय ते छान सांगतात, पण कॅमेरा कुठे उभा आहे ते सांगतात फरशी, कठडा, टाकी, कुंड्या. तुझ्या केसमध्ये बघण्याची दिशा बरोबर आली आहे आणि उभं राहण्याची जागा डळमळतेय, असं मला शंभर टक्के नाही तरी बऱ्यापैकी खात्रीने वाटतं.

तरीपण लगेच ट्रॅकिंगला हात घालू नकोस. आधी एक चाचणी कर, पाच मिनिटांचं काम आहे. खेकडा लपव. खेकडा ज्या वाटेने चालतो त्या वाटेवर चार-पाच छोटे शंकू ठेव, टोक खाली करून, आणि प्रत्येक टोक फरशीवरच्या ओळखता येणाऱ्या जागेवर टेकव, म्हणजे सांध्याची फुली, रंगाचा शिंतोडा, तडा, काहीही. अजून दोन शंकू कठड्याच्या पायथ्याशी. हे शंकू अजिबात अॅनिमेट करायचे नाहीत. आता व्ह्यूपोर्टमधून प्लेब्लास्ट काढ आणि फ्रेम फ्रेम पुढे सरकवत बघ.

शंकू जागेवर राहिले आणि फक्त खेकडा सरकतोय, तर ट्रॅकचा काही दोष नाही, तुझ्या चालण्याच्या अॅनिमेशनमध्ये पाय घसरतायत. हे खूप होतं आणि लोक उगाच ट्रॅक परत परत करत बसतात. वॉक सायकलमध्ये खेकडा एका फेरीत समज ६ सेंटीमीटर पुढे जातो आणि फेरी १२ फ्रेमची आहे, म्हणजे फ्रेमला अर्धा सेंटीमीटर, ३० एफपीएसला सेकंदाला १५ सेंटीमीटर. आता पाथवर तू त्याला सेकंदाला २० सेंटीमीटरने ओढलंस तर दर सेकंदाला ५ सेंटीमीटर पाय घासणारच, कॅमेरा कितीही अचूक असो. फरशीला टेकलेल्या पायाच्या टोकाशी एक एम्प्टी ठेव, पाय उचलेपर्यंत टोक एम्प्टीपासून हलता कामा नये. हललं तर पाथचा वेग कमी कर नाहीतर पाऊल लांब कर.

शंकूच घसरले तर मात्र कधी घसरतात ते बघ, कारण कारणं वेगवेगळी असली तरी प्रत्येकाची घसरण्याची पद्धत वेगळी असते. कॅमेरा झटकन फिरतो तेव्हाच शंकू मागे पडतात किंवा पुढे जातात, आणि कॅमेरा थांबला की परत जागेवर येतात, तर फुटेज आणि कॅमेऱ्याची हालचाल यांच्यात एका फ्रेमचा फरक आहे, सॉल्व्ह ठीक असू शकतो. सगळा शॉटभर बारीक थरथर आहे तर ट्रॅक कमी आहेत किंवा काही ट्रॅक लटपटतायत. एका ठराविक फ्रेमला टचकन उडी आहे तर त्या फ्रेमला एखादा महत्त्वाचा ट्रॅक संपलाय किंवा सुरू झालाय. आणि शॉटच्या सुरुवातीला बरोबर, मग हळूहळू एका दिशेला सरकत जातो, कॅमेरा जितका पुढे किंवा बाजूला जातो तितकं जास्त, तर एकतर वस्तू फरशीच्या पातळीवर नाहीये नाहीतर कॅमेऱ्याची जागा किंवा फोकल लेंग्थ चुकलीये. तुझं वर्णन या शेवटच्या प्रकारात बसतं.

आता दुरुस्ती. पहिलं म्हणजे फुटेज. फोनचा व्हिडिओ थेट ब्लेंडरमध्ये टाकू नकोस. फोन बऱ्याचदा फ्रेमचा वेग कमीजास्त करत रेकॉर्ड करतो आणि टाइमलाइनवर मागेपुढे करताना भलतीच शेजारची फ्रेम उघडू शकते. इमेज सीक्वेन्स काढ, फोल्डर आधी बनवून ठेव:

```
ffmpeg -i gachchi.mov -fps_mode passthrough -start_number 1 frames/gachchi_%04d.png
```

याने फाइलमध्ये जेवढ्या फ्रेम आहेत तेवढ्याच निघतील, नवीन घुसवली जाणार नाही की गाळली जाणार नाही. ८ सेकंद ३० ने म्हणजे २४०च्या आसपास. मग Movie Clip Editor मध्ये पहिली फ्रेम नाही, सगळी सीक्वेन्स सिलेक्ट करून उघड, आणि Set Scene Frames दाब.

दुसरं, फोकल लेंग्थ. फोनच्या जाहिरातीत २६ एमएम लिहिलेलं असतं ते फोटोसाठी असतं, व्हिडिओत फ्रेम कापली जाते, स्टॅबिलायझेशन चालू असेल तर अजून कापली जाते. अंदाज करण्यापेक्षा मोजून घे. भिंतीसमोर फोन सरळ धर, ज्या मोडमध्ये शूट केलंस त्याच मोडमध्ये, भिंतीपासून बरोबर २ मीटर, आणि फ्रेमच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत भिंत किती दिसते ते मेजरिंग टेपने मोज. समज अडीच मीटर दिसली. मग ३६ गुणिले २ भागिले २.५, म्हणजे २८.८. ब्लेंडरमध्ये सेन्सर विड्थ ३६ ठेवून फोकल लेंग्थ २८.८ टाक. सॉल्व्ह करताना Refine मध्ये फोकल लेंग्थ आणि रेडियल डिस्टॉर्शन चालू कर, ऑप्टिकल सेंटर बंदच ठेव. सॉल्व्हरने २८.८ चं २८.१ केलं, २९.६ केलं, चालेल. पण ६१ केलं किंवा १४ केलं आणि एरर कमी दाखवला तर तो सॉल्व्ह कचऱ्यात टाक, आकडा ०.२ असला तरी. फोकल लेंग्थ चुकली की फरशीचा काटकोन काटकोन राहत नाही, हे ओळखायला फरशीवर फरशीच्या मापाची ग्रिड टाकून बघायची, जवळच्या फरशा जुळतात आणि लांबच्या ग्रिडबाहेर पळतात तर समज.

आता मुख्य काम, फरशीवरचे ट्रॅक. Detect Features दाबलं की ब्लेंडर कॉन्ट्रास्ट असेल तिथे मार्कर टाकतो, म्हणजे बिल्डिंगांच्या खिडक्या, ग्रिल, टाकीची कड. फरशीवर हाताने टाकावे लागतात, त्याला पर्याय नाही. खेकडा जिथे चालणार त्या पट्ट्यात, त्याच्या पुढे, मागे, दोन्ही बाजूला, मिळून कुठल्याही फ्रेमला फरशीवर निदान आठ-दहा ट्रॅक जिवंत असले पाहिजेत. सॉल्व्हरला दोन्ही कीफ्रेममध्ये कॉमन असे किमान ८ ट्रॅक लागतातच, पण ते आठच्या आठ बिल्डिंगांचे असले तर काय होतं ते वर बघितलं.

फरशीवर ट्रॅक करताना दोन अडचणी येतात. एक म्हणजे फरशा सगळ्या सारख्या, सांध्याची एक फुली दुसऱ्या फुलीसारखीच दिसते, त्यामुळे सर्च एरिया मोठा ठेवलास तर मार्कर उडी मारून शेजारच्या फुलीवर जाऊन बसतो आणि तिथून बिनबोभाट पुढे ट्रॅक होत राहतो. सर्च एरिया फुलीपासून फुलीपर्यंतच्या अंतरापेक्षा बराच लहान ठेव. आणि शक्यतो फुलीपेक्षा डाग, शेवाळाचा ठिपका, तुटलेला कोपरा पकड. नुसत्या सरळ सांध्यावर मार्कर टाकू नकोस, तो सांध्याच्या रेषेवर पुढेमागे सरकतो आणि कोरिलेशनला काही कळत नाही, कारण रेषेवर कुठेही तेच चित्र आहे. दुसरी अडचण, आपण चालत जवळ जातो तसा फरशीवरचा डाग मोठा होतो आणि तिरका होता तो गोल दिसायला लागतो. डिफॉल्ट Loc मोडमध्ये नुसती जागा शोधली जाते, म्हणून ट्रॅक मध्येच सुटतो. Motion Model मध्ये LocScale किंवा Affine घे. Match हे Keyframe वर ठेव, सुटला की तिथे मार्कर हाताने नीट बसवून पुढे चालू. Previous frame वर ठेवलं तर सुटत नाही, पण दर फ्रेमला किंचित किंचित चूक साठत जाते आणि शंभर फ्रेमनी मार्कर डागावरून बाजूला गेलेला असतो. ट्रॅक पॅनेलमध्ये छोटं प्रिव्ह्यू दिसतं, त्यात डाग मधोमध राहतोय ना याच्यावर डोळा ठेव, तिथे चूक लगेच दिसते.

गच्चीवरचे काही सापळे आहेत. कपडे वाळत घालायची दोरी वाऱ्याने हलते, तिच्यावर ट्रॅक नको, कुंडीतल्या पानांवर नको, स्टीलच्या टाकीवर किंवा पाण्याच्या डबक्यात चमकणाऱ्या प्रतिबिंबावर तर मुळीच नको. पण सगळ्यात फसवा असतो खोटा कोपरा. दोरी किंवा डिशचा दांडा मागच्या बिल्डिंगच्या कडेला जिथे छेदतो तिथे फ्रेममध्ये अगदी छान टोकदार कोपरा दिसतो, ट्रॅकर आनंदाने पकडतो, पण तो कोपरा जगात कुठेच नाहीये, जवळची वस्तू आणि लांबची वस्तू एकमेकांवर दिसतात एवढंच. तू चाललास की तो तिसऱ्याच वेगाने सरकतो. असे दोन-तीन ट्रॅक राहिले तर पूर्ण सॉल्व्ह वाकडा होऊ शकतो. हे असे ट्रॅक डिलीट करायचे, एरर किती आहे हे न बघता. म्हणजे डिलीट कारण बघून करायचं, आकडा बघून नाही. जास्त एररवाला ट्रॅक दिसला तर आधी प्रिव्ह्यूत बघ, मार्कर घसरलाय का, घसरला असेल तर दुरुस्त कर, आणि तो फरशीवरचा असेल तर ठेव.

उडीचा प्रश्न असेल तर Weight वापर. ट्रॅक फ्रेमबाहेर जायच्या आधी दहा-पंधरा फ्रेममध्ये त्याचं वेट १ वरून ० वर आणायचं, कीफ्रेम टाकून, आणि मध्येच सुरू होणारा ट्रॅक असेल तर उलटं. सगळ्यांना करत बसू नकोस, फ्रेमच्या खालच्या कडेने बाहेर जाणारे फरशीचे मोठे ट्रॅक तेवढे कर, तिथेच उडी जाणवते.

सॉल्व्ह करताना कीफ्रेम ए आणि बी मध्ये पुरेसं चालणं झालेलं असलं पाहिजे. एकाच जागी उभं राहून फोन फिरवलेला भाग निवडला तर खोलीची माहितीच नसते आणि सॉल्व्हर काहीतरी ठोकून देतो. Keyframe चा टिकबॉक्स लावला की ब्लेंडर आपणहून निवडतो, बऱ्याचदा ठीक निवडतो, नाही आवडलं तर फरशीचे ट्रॅक दोन्हीकडे दिसतात आणि तू मीटरभर तरी सरकला असशील अशा दोन फ्रेम हाताने दे. नवीन सॉल्व्ह ०.४ ऐवजी ०.७ आला तर घाबरू नकोस, शंकू परत बघ. माझ्या हिशोबाने फरशीचे भरपूर ट्रॅक असलेला ०.७ हा बिल्डिंगांच्या ०.३ पेक्षा कधीही चांगला.

यानंतर फरशीची पातळी, आणि खरं सांगायचं तर सॉल्व्ह बरोबर असूनही घसरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मी हेच बघतो. Set Floor साठी फरशीवरचे तीन ट्रॅक सिलेक्ट करायचे असतात. ते तीन जवळ जवळ घेतले तर त्यातल्या एकाची पिक्सेलभर चूक सगळी फरशी तिरपी करते आणि तीन मीटर पलीकडे ती फरशी हवेत किंवा जमिनीखाली असते. तिन्ही लांब लांब घे, मोठा त्रिकोण होईल असे, आणि ते खरंच फरशीवरचे हवेत, कठड्याच्या स्कर्टिंगवरचे नको.

हवेत असलं तर काय बिघडतं, एका फ्रेममध्ये तर बरोबर दिसतं ना, तर हे बघ. फोन तू १.५ मीटर उंचीवर धरलायस. खेकड्याचे पाय फरशीपासून ३ सेंटीमीटर वर आहेत, आणि खेकडा तुझ्यापासून ३ मीटरवर आहे. कॅमेऱ्यातून बघताना तो फरशीवर जिथे टेकल्यासारखा दिसतो ती जागा खऱ्या जागेच्या ६ सेंटीमीटर पलीकडे असते. तू चालत दीड मीटरवर आलास की तो फरक ३ सेंटीमीटर उरतो. म्हणजे एका जागी स्तब्ध बसलेला खेकडा या वेळात फरशीवर ३ सेंटीमीटर तुझ्याकडे सरकलेला दिसतो. आणि तू त्याच्याभोवती काटकोनात वळून गेलास तर ती टेकण्याची जागा पण तुझ्याबरोबर फिरते, ३ मीटर अंतर कायम ठेवलं तरी आठ-साडेआठ सेंटीमीटर सरकते. पाय जमिनीखाली असले तर हेच सगळं उलट दिशेने. म्हणून एका फ्रेमवर खेकडा बसवून खूश व्हायचं नाही, पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन फ्रेमवर बघायचं. तीन फ्रेमवर वेगवेगळ्या जागी दिसला तर उंची बदलून बघ, बाजूला सरकवू नकोस. आणि कॅमेऱ्यावर हाताने कीफ्रेम टाकून तर अजिबात ढकलू नकोस, एक फ्रेम सुधारते आणि वीस बिघडतात.

गच्चीत अजून एक गंमत असते, पाण्याचा ढाळ. गच्ची कधीच सपाट नसते, पाणी पन्हाळीकडे जावं म्हणून उतार दिलेला असतो आणि मोठ्या गच्चीत तो दोन-तीन दिशांना असतो. शंभराला एक एवढाच उतार धरला तरी तीन मीटरमध्ये ३ सेंटीमीटर झाले, म्हणजे वरचं गणित जसंच्या तसं लागू. खेकडा एका उतारावरून दुसऱ्यावर जाणार असेल तर एकच सपाट प्लेन चालणार नाही. तिथे फरशीवरचे ट्रॅक सिलेक्ट करून Geometry मधलं 3D Markers to Mesh वापर, त्याचे बिंदू मिळतात, ते जोडून ओबडधोबड जमीन बनव आणि खेकड्याच्या पायाचे कंट्रोल त्यावर श्रिंकरॅपने टेकव. हीच जमीन पुढे सावली पकडायलाही कामाला येते.

स्केल सगळ्यात शेवटी लाव. एकाच कॅमेऱ्याच्या शॉटमधून सॉल्व्हरला खरं माप कळूच शकत नाही, खेळण्यातली गच्ची आणि खरी गच्ची त्याच्यासाठी सारखीच. म्हणून स्केल चुकलं म्हणून वस्तू घसरत नाही, हा गैरसमज काढून टाक. पण अॅनिमेशन बिघडतं. फरशी एक फुटाची असेल तर चार फरशांच्या दोन टोकांचे ट्रॅक सिलेक्ट करून अंतर १.२२ दे आणि Set Scale. खेकडा १ मीटर उंचीच्या कठड्यावरून उडी मारणार असेल तर खाली यायला ०.४५ सेकंद लागतात, ३० एफपीएसला तेरा-चौदा फ्रेम. तुझा सीन पाचपट मोठा राहिला आणि फिजिक्सने पाडलास तर तीसेक फ्रेम लागतील आणि खेकडा राक्षसासारखा संथ पडेल. ट्रॅक कितीही चिकट असला तरी बघणाऱ्याला तो गच्चीवरचा वाटणार नाही.

आता एका फ्रेमच्या फरकाबद्दल, कारण हे सगळं नीट केल्यावर शेवटच्या टप्प्यात नेमकं ते घडतं. व्ह्यूपोर्टमध्ये खेकडा घट्ट बसलेला असतो आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर मूळ व्हिडिओवर ठेवला की सरकतो. कारण रेंडर फ्रेम १ पासून आहे आणि खाली ठेवलेला मूळ मोबाईलचा व्हिडिओ एक फ्रेम मागे किंवा पुढे वाचला जातोय. खाली पण तीच पीएनजी सीक्वेन्स ठेव जी ट्रॅक केली होतीस, मूळ व्हिडिओ नको. फरक आहे का हे स्थिर भागात कळणार नाही, जिथे फोन जोरात फिरलाय तिथे बघ. फोन एका फ्रेमला २० पिक्सेल फिरत असेल तर खेकडा बरोबर २० पिक्सेल चुकलेला दिसेल.

तसंच लेन्सचं डिस्टॉर्शन. सॉल्व्ह झालेला कॅमेरा सरळ रेषांच्या जगात राहतो आणि फोनचं फुटेज कडेला किंचित वाकलेलं असतं. मध्यभागी खेकडा बसतो, कडेकडे गेला की सुटतो, तर हे कारण. व्ह्यूपोर्टमध्ये कॅमेऱ्याच्या बॅकग्राउंडला Render Undistorted चालू करून बघ, आणि फायनलला खेकड्याच्या रेंडरला कंपोझिटरमधून Movie Distortion नोडने Distort करून मूळ फुटेजवर ठेव. फुटेज सरळ करून वापरलं तरी चालतं, पण त्यात कडा कापाव्या लागतात आणि फुटेज मऊ पडतं, म्हणून मी टाळतो.

मोशन ब्लरचं सेटिंग पण बघ. ब्लेंडरचा शटर डिफॉल्टला ०.५ असतो. भर उन्हात फोन एका फ्रेमला सेकंदाचा पाचशेवा भाग वगैरे उघडतो, म्हणजे ३० भागिले ५००, शटर ०.०६. ०.५ ठेवलंस तर फोन फिरताना फरशी धारदार आणि खेकडा पुसट दिसेल, आणि डोळ्याला ते घसरल्यासारखंच वाटतं. सावलीचंही तसंच, पायाखाली सावली नसेल तर नीट बसलेला खेकडा पण तरंगतो, पण ते फ्रेम थांबवून पायाचं टोक आणि फरशीवरचा डाग बघितला की लगेच वेगळं करता येतं.

एकच शक्यता अशी आहे की ज्यात यातलं काहीच कामी येणार नाही. शूट करताना फोनचं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन चालू असेल तर फोनने प्रत्येक फ्रेम वेगवेगळी कापलीये, किंचित वाकवलीये, म्हणजे दर फ्रेमला लेन्स वेगळी असल्यासारखं फुटेज आहे आणि सॉल्व्हर तर एकच लेन्स धरून चालतो. याची खूण म्हणजे पाऊल पडतं त्या त्या तालात एरर वरखाली होतो आणि फरशीवरचे चांगले दिसणारे ट्रॅक पण एकमेकांशी जुळत नाहीत. तसं दिसलं तर दुरुस्त करत बसू नकोस, परत शूट कर. स्टॅबिलायझेशन बंद, एचडीआर बंद, फोकस आणि एक्स्पोजर लॉक, झूमला हात नाही, फ्रेमचा वेग लॉक करता येईल असं कॅमेरा अॅप असेल तर तेच घे. दोन्ही हातांनी फोन धरून नेहमीच्या अर्ध्या वेगाने चाल, कारण फोनचा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि झटका बसला की फ्रेम तिरकी होते, ते ब्लेंडरचा सॉल्व्हर सुधारत नाही. आणि खेकड्याच्या वाटेच्या आजूबाजूला बारीक खडे, वाळलेली पानं, विटेचे तुकडे पसरून ठेव, सुटी पानं वाऱ्याने हलणार असतील तर फक्त खडे. गच्चीवर खडे असणं कुणाला खटकत नाही, त्यामुळे नंतर पुसायची गरज पडत नाही आणि एकसारख्या फरशीवर ट्रॅकला हव्या तेवढ्या जागा मिळतात.